शेवटचा महिना: वाचायचं कमी, आठवायचं जास्त

मुलांनो, उद्यापासून परीक्षेला तीस दिवस उरतात. अभ्यासक्रम संपला आहे, वह्या भरल्या आहेत, आणि तुमच्यातल्या बहुतेकांच्या मनात आता एकच बेत आहे: सगळं पुन्हा पहिल्या पानापासून वाचून काढायचं. हा बेत सोडून द्या, असं मी तुम्हाला आग्रहाने सांगतो आहे. त्याच्या जागी काय करायचं, कोणत्या दिवशी करायचं आणि ते जमतंय की नाही हे कसं ओळखायचं, ते पुढे लिहिलं आहे.

आधी कारण सांगतो, कारण ते पटलं नाही तर तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा वाचायला बसाल. वाचलेला धडा पुन्हा वाचला की प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. डोळे भराभर पुढे सरकतात, मान डोलते आणि ‘हे येतंय मला’ असं वाटतं. पण परीक्षेत समोर ओळी नसतात, प्रश्न असतो आणि कोरा कागद असतो. तिथे लागणारं काम वेगळं आहे आणि त्याचा सराव वाचून होत नाही.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याची सरळ परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना त्यांनी छोटे उतारे दिले. काही उतारे विद्यार्थ्यांनी दोनदा वाचले, काही एकदाच वाचले आणि दुसऱ्या खेपेला, उतारा न बघता, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचलेले उतारे जास्त आठवत होते: ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं. दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के. लिहून काढताना काय चुकलं हे त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं, तरी हा फरक पडला.

यातली पाच मिनिटांची गोष्ट नीट लक्षात घ्या. वाचण्याचा फायदा लगेच दिसतो, आठवण्याचा उशिरा दिसतो. म्हणून या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तुम्हाला रोज वाटणार आहे की आपल्याला काहीच येत नाही. शेजारचा मुलगा धडेच्या धडे वाचून संपवत असेल आणि तुम्ही अर्ध्या भरलेल्या कागदाकडे बघत बसलेले असाल. त्या अर्ध्या कागदावरच तुमची परीक्षेची तयारी होते आहे, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुम्हीही तो पंधरा दिवस ठेवा. त्यापुढे पुरावा तुमच्याच कागदांवर दिसायला लागेल.

पहिले दोन दिवस: कोरा कागद

सगळ्या धड्यांची यादी करा. प्रत्येक धड्यासाठी एक कोरा कागद घ्या, वर धड्याचं नाव लिहा, घड्याळात दहा मिनिटं लावा आणि पुस्तक बंद ठेवून आठवेल ते लिहा: व्याख्या, सूत्रं, आकृत्या, कारणं, सुटे शब्दसुद्धा. वळणदार अक्षर नको, क्रम नको. दहा मिनिटं झाली की थांबा. धडे चाळीस असतील तर हे चारशे मिनिटांचं, म्हणजे सुमारे पावणेसात तासांचं काम आहे. दोन दिवसांत वाटून आरामात होतं.

मग पुस्तक उघडून प्रत्येक कागद ताडून पाहा आणि कोपऱ्यात एक अक्षर लिहा. ‘क’ म्हणजे मुख्य गोष्टी आल्या आणि बरोबर आल्या. ‘ख’ म्हणजे सांगाडा आला, पण मधले दुवे गळले किंवा गोंधळ झाला. ‘ग’ म्हणजे कागद जवळजवळ कोरा. हे अक्षर फक्त कागद बघून द्यायचं. ‘हा धडा मी चांगला केला होता’ ही आठवण त्यात आणू नका. ज्या धड्याबद्दल तुम्हाला खात्री होती आणि कागद मात्र ‘ख’ निघाला, त्याच्याभोवती गोल करा. परीक्षेत हेच धडे घात करतात, कारण त्यांच्याकडे तुम्ही परत वळूनही पाहिलं नसतं.

यानंतर बहुतेक मुलं ‘ग’ धड्यांवर तुटून पडतात. तसं करू नका. शेवटच्या महिन्यात तासाला सगळ्यात जास्त मार्क ‘ख’ धडे देतात, कारण तिथे समज झालेली असते, फक्त दुवे जोडायचे असतात. ‘ग’ धड्यांतले दोन प्रकारचेच हातात घ्या: ज्यांना पेपरात भरपूर मार्क आहेत ते, आणि ज्यांच्यावर दुसरे धडे उभे आहेत ते. उरलेल्यांच्या फक्त व्याख्या आणि मुख्य सूत्रं करा आणि पुढे चला. एखादा धडा मुद्दाम बाजूला ठेवणं हा निर्णय आहे. तो दुसऱ्या दिवशी शांतपणे घेतलेला बरा, अठ्ठाविसाव्या दिवशी घाबरून घ्यावा लागू नये.

एका धड्याचा महिनाभराचा प्रवास

बोलण्यापेक्षा एक धडा घेऊन दाखवतो. धरा की विद्युतधारेचा धडा ‘ख’ निघाला. एका मुलीच्या कागदावर V = IR आलं, एकसर जोडणीची बेरीज आली, समांतर जोडणीचं सूत्र आलं. शक्तीच्या तीन रूपांपैकी P = VI एवढंच आलं आणि उष्णतेचं H = I²Rt पूर्ण विसरलं.

हा धडा तिने तिसऱ्या दिवशी घ्यायचा. त्या दिवशी तास द्यायचा, पण तोही धडा पहिल्यापासून वाचायला नाही. कागदावर जिथे भोक आहे तेवढाच भाग पुस्तकात वाचायचा, पुस्तक मिटायचं, तो भाग लिहायचा, आणि मग चार-पाच उदाहरणं सोडवायची. P = VI मध्ये V = IR घातलं की I²R कसं मिळतं आणि I = V/R घातलं की V²/R कसं मिळतं, हे स्वतः लिहून काढलं की तीन सूत्रं पाठ करायची गरज राहत नाही. उष्णतेचं सूत्र म्हणजे त्याच शक्तीला वेळेने गुणलेलं. विसरलेली गोष्ट आठवणाऱ्या गोष्टीला अशी बांधायची असते.

पुढची भेट पाचव्या दिवशी, वीस मिनिटांची. मग दहाव्या दिवशी पंधरा मिनिटं, विसाव्या दिवशी दहा, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची दहा. प्रत्येक भेटीची सुरुवात कोऱ्या कागदाने, पुस्तक नंतर. शेवटची भेट सोडली तर मधलं अंतर वाढत जातं, कारण थोडं विसरल्यावर ओढून आठवलेली गोष्ट जास्त पक्की बसते. धडा केला त्याच संध्याकाळी पुन्हा लिहायला बसलात तर सगळं येईल, मन खूश होईल आणि हाती फार थोडं लागेल. पाच भेटी मिळून दोन तासही होत नाहीत. तोच वेळ एका बैठकीत दिला असता तर महिनाअखेर त्यातलं बरंच निसटून गेलं असतं.

अंतर बरोबर आहे का, हे कागदच सांगतो. दहाव्या दिवशी निम्म्याहून कमी आलं तर पुढची भेट विसाव्याऐवजी तेराव्या दिवशी ठेवा. सगळंच्या सगळं दोन मिनिटांत आलं तर विसाव्याची भेट गाळून तो वेळ दुसऱ्या धड्याला द्या. तारखा धड्याच्या कागदाच्या मागेच लिहून ठेवा. वेगळं रंगीत वेळापत्रक करण्यात अर्धा दिवस घालवू नका.

चुकांची वही

या महिन्यातलं सगळ्यात मोलाचं पुस्तक तुम्हाला स्वतः लिहायचं आहे. एक पातळ वही घ्या आणि चुकलेलं प्रत्येक उदाहरण, प्रत्येक प्रश्न तिच्यात नोंदवा. नोंद कशी करायची यावर सगळं अवलंबून आहे.

त्याच धड्यातलं उदाहरण घेऊ. ६ ओहम आणि ३ ओहमचे दोन रोध समांतर जोडले आहेत, बॅटरी १२ व्होल्टची. एकूण धारा किती? तिने लिहिलं: 1/R = 1/6 + 1/3 = 1/2, म्हणून R = 1/2, म्हणून धारा २४ अँपिअर. खरं उत्तर ६ अँपिअर, कारण R २ ओहम आहे. शेवटच्या पायरीला उलटं करायचं राहून गेलं.

वहीत तिने पहिल्यांदा लिहिलं, ‘साधी चूक, लक्ष द्यायला हवं.’ ही नोंद निरुपयोगी आहे. लक्ष द्यायचं म्हणजे परीक्षेच्या गडबडीत नक्की काय करायचं, ते ती सांगत नाही. मग तिने नियम लिहिला: ‘समांतर जोडणीचं उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षा कमी यायला हवं.’ नियम खरा आहे, पण इथे पडताळून पाहा. तिचं चुकलेलं उत्तर अर्धा ओहम, तेही ३ पेक्षा कमीच! म्हणजे या नियमाने ही चूक पकडलीच गेली नसती.

कामाची नोंद अशी होते: ‘उलटं करायचं विसरले. प्रत्येक ओळीत डावीकडे 1/R लिहीत जायचं, R = ही ओळ वेगळी लिहायची. ताळा: प्रत्येक फांदीतली धारा काढून बेरीज करायची.’ हा ताळा करून बघा. ६ ओहममधून २ अँपिअर, ३ ओहममधून ४ अँपिअर, बेरीज ६. समोर २४ आलं असेल तर चूक दहा सेकंदांत उघडी पडते.

तर नोंदीत तीन गोष्टी हव्यात: काय केलं, त्याऐवजी हाताने काय करायचं, आणि पुढच्या वेळी ती चूक कशी पकडायची. आणि तुम्ही काढलेला ताळा तुमच्या स्वतःच्या चुकीवर चालवून बघा. तो तिला पकडत नसेल तर दुसरा शोधा. पाठांतराच्या विषयांतही हेच. ‘फुफ्फुस धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त लिहिलं’ एवढ्यावर थांबू नका. ‘धमनी म्हणजे हृदयाकडून दूर नेणारी. फुफ्फुस धमनी रक्त ऑक्सिजन घ्यायला नेते, म्हणून ते ऑक्सिजन कमी असलेलं’ असं कारणासकट लिहा. कारण लिहिलं की बाकीच्या रक्तवाहिन्याही जागेवर बसतात.

ही वही एक दिवसाआड उघडायची. उजवीकडचं उत्तर हाताने झाकायचं, प्रश्न पुन्हा सोडवायचा. वेगवेगळ्या दिवशी तीनदा बरोबर आला की नोंदीवर रेघ मारायची. महिनाभरात रेघा वाढत जातात, आणि वाईट दिवशी स्वतःला दाखवायला याहून खरा पुरावा दुसरा नाही.

गटात बसताना

एकत्र अभ्यास करण्यात ताकद आहे आणि धोकाही आहे. धोका असा की एकाने उत्तर म्हटलं की बाकीच्या चौघांना वाटतं, हो, हे आपल्यालाही येत होतं. वाचताना जी फसगत होते, तीच इथे ऐकताना होते. शिवाय सगळे मिळून एकदम आठवायला बसले की दुसऱ्याच्या बोलण्याने आपला धागा तुटतो. प्रत्येकाने एकट्याने आठवलेलं नंतर एकत्र केलं तर बेरीज मोठी निघते.

म्हणून दीड तासाची बैठक अशी ठेवा. पहिली पंचवीस मिनिटं पूर्ण शांतता. सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं. मग कागदांची अदलाबदल आणि वीस मिनिटं पुस्तकाशी ताडून तपासणी. तपासणाऱ्याने मार्क द्यायचे आणि मार्क का कापले ते दोन शब्दांत लिहायचं. दुसऱ्याचं उत्तर तपासताना परीक्षकाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे फार लवकर कळतं. ‘मला येत होतं, फक्त लिहिलं नाही’ असं दुसऱ्याच्या कागदाबद्दल आपण कधी म्हणत नाही.

पुढचा अर्धा तास फक्त अशा प्रश्नांना, जे दोघांहून जास्त जणांचे चुकले. समजावून कोणी सांगायचं? जो त्या धड्यात कच्चा आहे त्याने. पण त्याला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तो तयारी करून येईल. ऐनवेळी उभं करून कोणाला खजील करायचं नाही, हे मी खपवून घेणार नाही. त्याने पुस्तक न बघता सांगायचं, बाकीच्यांनी मध्ये न बोलता शेवटी ‘असं का?’ आणि ‘हे नसतं तर?’ असे प्रश्न विचारायचे. ज्याला धडा पक्का येतो त्याने तोंड बंद ठेवणं हीच त्या बैठकीतली त्याची सगळ्यात मोठी मदत. उरलेली पंधरा मिनिटं सगळ्यांनी आपापल्या चुकांच्या वहीत नोंदी करायच्या, घरी जाऊन करू असं म्हणायचं नाही.

अशा बैठका आठवड्यात तीन पुरेत. रोज भेटलात तर एकट्याने आठवायचा वेळ खाल्ला जाईल. आणि किती तास अभ्यास झाला, हा प्रश्न गटात कोणी कोणाला विचारू नका. त्याऐवजी ‘आज काय आठवलं नाही?’ विचारा.

सराव पेपर

पूर्ण वेळेचे चार पेपर सोडवा: दहाव्या, सतराव्या, तेविसाव्या आणि सत्ताविसाव्या दिवशी. वेळ परीक्षेचीच असावी, सकाळचा पेपर असेल तर सकाळीच बसा. तीन तासांचा ८० मार्कांचा पेपर असेल तर हिशेब सोपा आहे. १८० मिनिटांतली २० वाचन आणि फेरतपासणीला काढली की मार्काला दोन मिनिटं उरतात. पाच मार्कांच्या प्रश्नाला दहा मिनिटं झाली की जागा सोडून पुढे जायचं, कितीही जीव अडकला तरी. हा हात सराव पेपरातच बसवावा लागतो.

पेपराइतकाच वेळ तपासायला द्या. गेलेला प्रत्येक मार्क चारपैकी एका खात्यात टाका: येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, आठवलं पण प्रश्न नीट वाचला नाही, किंवा वेळ संपला. खातं वेगळं तसा उपाय वेगळा. येत नव्हतं त्याला पुस्तक. आठवलं नाही त्याला कोऱ्या कागदाची जवळची तारीख. चुकीचं वाचलं त्याला प्रश्नातल्या ‘कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘कोणतेही दोन’ अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय. वेळ संपला त्याला वर सांगितलेला दोन मिनिटांचा हिशेब. मुलं बहुतेक वेळा चारही दुखण्यांवर एकच औषध घेतात, ते म्हणजे आणखी वाचन. तपासल्यावर तुमच्या लक्षात येईल की निम्मे मार्क पुस्तकाशी संबंध नसलेल्या कारणांनी गेलेत.

दुसऱ्या पेपरात मार्क घसरले तर घाबरून पद्धत बदलू नका, आधी कारण बघा. एकाच धड्याची दहा उदाहरणं ओळीने सोडवताना पद्धत कोणती वापरायची हे आधीच ठरलेलं असतं. मिश्र पेपरात ती निवडावी लागते, म्हणून तो जड जातो. उपाय म्हणजे सतराव्या दिवसानंतर रोजच्या सरावातही तीन-चार धड्यांची उदाहरणं मिसळून घ्यायची. २००७ मध्ये डग रोहरर आणि केली टेलर यांनी गणिताच्या सरावावर हेच पाहिलं. मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे होते आणि आठवड्यानंतरच्या चाचणीत बरेच पुढे. मार्क सलग दोन पेपरांत घसरले आणि गळती ‘येतच नव्हतं’ या खात्यात असेल, तर मात्र मला लगेच सांगा. तेव्हा आपण धडे कमी करू आणि उरलेले पक्के करू.

झोप आणि शेवटचे तीन दिवस

झोपेतले तास अभ्यासाच्या हिशेबात धरा. दिवसा आठवलेलं पक्कं होण्याचं काम झोपेत चालतं. रात्री दोनपर्यंत जागून वाढवलेले दोन तास दुसऱ्या दिवशीच्या जड डोक्याने फेडावे लागतात. तुमच्या परीक्षेच्या वेळेला डोकं लख्ख हवं, म्हणून किमान शेवटचे दहा दिवस झोपायची आणि उठायची वेळ परीक्षेच्या दिवसासारखीच ठेवा. घोकंपट्टी करून ऐन आदल्या रात्री काही मिळवता येईल या आशेवर कोणी राहू नका.

अठ्ठाविसाव्या दिवसापासून नवीन काही उघडायचं नाही, पूर्ण पेपरही नाही. सकाळी चुकांच्या वहीतल्या रेघ न मारलेल्या नोंदी, दुपारी ‘ख’ धड्यांचे दहा-दहा मिनिटांचे कागद, संध्याकाळी मोकळं फिरून येणं. मित्राने एखादा ‘हमखास येणारा’ प्रश्न पाठवला तर तो न उघडता ठेवा. तो सोडवून मिळेल त्यापेक्षा त्याने उडणारी झोप महाग पडेल. सूत्रं गडबडीत निसटतात अशी भीती असेल तर पेपर हातात आल्यावर, लिहायची परवानगी मिळताच, ती शेवटच्या पानावर पेन्सिलीने उतरवून ठेवा. हे सराव पेपरातही करा, म्हणजे त्याला किती मिनिटं लागतात ते कळेल.

पेपर लिहून बाहेर आलात की गटाने उत्तरं जुळवत उभं राहायचं नाही. लिहिलेलं बदलता येत नाही, आणि चुकल्याची रुखरुख पुढच्या पेपराला घेऊन जाल. घरी या, जेवा, थोडं पडा आणि पुढच्या विषयाची चुकांची वही काढा. उद्याच्या पहिल्या बैठकीला प्रत्येकाने धड्यांची यादी, कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि एक घड्याळ घेऊन या. मोबाइल बाहेरच्या टेबलावर ठेवायचा आहे.